फोन आणि राउटर वाय-फायच्या कोणत्या आवृत्तीचे आहेत आणि दोघे मिळून किती वेग देतात, हे कसे तपासावे?

पऱ्हाटी

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत आपले सरकार सेवा केंद्र चालवते. गावात फायबर आल्यावर आम्ही २०० एमबीपीएसची जोडणी घेतली. जोडणीसोबत भिंतीवर बसवून दिलेल्या डब्याचे वाय-फाय अंगणापर्यंतही नीट पोहोचत नव्हते, म्हणून तालुक्याहून एक राउटर विकत आणला. त्याच्या खोक्यावर ‘एसी १२००’ असे ठळक अक्षरांत आहे आणि खाली ‘१२०० एमबीपीएसपर्यंत’ असे लिहिले आहे.

आता स्थिती अशी आहे की माझ्या जुन्या फोनवर वेगाची चाचणी केली तर ४० ते ४५ येतात आणि धाकट्या भावाच्या नव्या फोनवर ७५च्या आसपास येतात. भावाच्या फोनच्या माहितीपत्रकात वाय-फाय ६ लिहिलेले आहे. राउटर विकणारा फोनकडे बोट दाखवतो, फोन विकणारा राउटरकडे, आणि जोडणी देणारे म्हणतात की आमच्या डब्यापर्यंत २०० पोहोचत आहेत, पुढचे तुमचे तुम्ही बघा.

मला कोणाशी भांडायचे नाही. फोन आणि राउटर प्रत्येकी कोणती आवृत्ती चालवू शकतात, आणि एकमेकांशी जोडल्यावर प्रत्यक्षात कोणत्या वेगाने बोलतात, हे मला घरबसल्या पाहता येईल का? शक्यतो आणखी पैसे खर्च न करता.

तिफण

ताई, आवृत्तीचा एवढा विचार करू नका. वाय-फाय म्हणजे शेवटी मधला रस्ता आहे. मागून २०० येत असतील आणि राउटर १२००चा असेल, तर कोणत्याही फोनला २०० मिळायलाच हवेत. मिळत नसतील तर मागूनच येत नाहीत. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर सगळ्या गावाचा वेग बसतो, तेव्हा कोणी राउटरला दोष देत नाही. जोडणीवाल्याला धरा.

धुऱ्यावरून

माझा एक संबंधित प्रश्न आहे. आमच्या राउटरची दोन नावे दिसतात, एक साधे आणि एक शेवटी ‘5G’ लिहिलेले. माझा फोन ४जी आहे, त्यामुळे मी त्या दुसऱ्या नावाला कधी जोडलेच नाही. ५जी फोन घेतल्याशिवाय ते चालणार नाही ना? सिमही बदलावे लागेल का?

लोखंडी_मनोरा

पऱ्हाटीताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या फोनमध्येच आहे. मी दूरसंचाराच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे खोक्यावरचा आकडा मी सगळ्यात शेवटी वाचतो.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधून वाय-फायमध्ये जा आणि ज्या नावाला फोन जोडलेला आहे त्यावर, किंवा त्याच्या बाजूच्या चक्रावर, बोट ठेवा. तिथे `Link speed` आणि `Frequency` अशा दोन ओळी सापडतील. काही फोनमध्ये पाठवण्याचा आणि घेण्याचा वेग वेगळा दाखवतात, आणि फोनची भाषा मराठी असेल तर याच ओळी मराठीत दिसतील. बऱ्याच नव्या फोनमध्ये वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हाशेजारी ४, ५ किंवा ६ असा बारीक अंकही येतो. तो अंक फोनची लायकी सांगत नाही. त्या क्षणी ही जोडी कोणत्या आवृत्तीत बोलत आहे, ते सांगतो. वाय-फाय ६चा फोन जुन्या राउटरला जोडला की तिथे ५ किंवा ४ दिसणारच.

दोन पथ्ये पाळा. राउटर डोळ्यांसमोर असेल अशा जागी, आठ-दहा फुटांवर उभे राहा. आणि आकडा वाचण्याआधी एखादा मोठा व्हिडिओ सुरू करा, कारण काम नसताना काही फोन बॅटरी वाचवतात आणि जोडणीचा वेग ६ किंवा २४ असा उगाच कमी दाखवतात.

दोन्ही फोनचे दोन्ही आकडे येथे लिहा. त्यावरून आवृत्ती तर कळेलच, फोनमध्ये किती अँटेना कामाला लागले आहेत तेही कळेल.

धुऱ्यावरूनभाऊ, त्या नावातल्या 5Gचा सिमशी काही संबंध नाही. तो राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आहे. सिम नसलेला फोनही त्याला जोडता येतो, फक्त फोनच्या वाय-फायमध्ये तो पट्टा असला पाहिजे. तुमच्या फोनच्या यादीत ते नाव दिसते आहे, म्हणजे तो आहेच.

धुऱ्यावरून

जोडले आणि चालले. दोन वर्षे मी त्या नावाकडे पाहुणा म्हणूनच बघत होतो.

पऱ्हाटी

लोखंडी_मनोरा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे राउटरच्या समोरच उभी राहून पाहिले. माझ्या फोनवर २.४ गिगाहर्ट्‌झ आणि वेग ७२ एमबीपीएस. भावाच्या फोनवरही २.४ गिगाहर्ट्‌झच, पण वेग १४४. भावाच्या फोनच्या चिन्हाशेजारी ४ हा अंक दिसतो. माझ्या फोनवर कोणताच अंक येत नाही. आमच्या राउटरचे नाव मात्र एकच दिसते, 5G असलेले दुसरे नाव नाही. आणि राउटर ‘एसी’ आहे म्हणजे वाय-फाय ५ ना? मग ४ कसा?

पुण्यातला_वाशीमकर

हा सगळा खटाटोप कशासाठी? सरळ वाय-फाय ७चा मेश संच घ्यावा आणि पुढची काही वर्षे विषय मिटवावा. माझ्या सदनिकेत हेच केले, प्रत्येक खोलीत पूर्ण वेग आहे.

निवृत्त_मास्तर

वाशीमकर, तुमच्या सदनिकेच्या भिंती चार-सहा इंचांच्या असतील. आमच्या जुन्या वाड्याची मातीची भिंत दीड हात जाड आहे. शिवाय ताईंनी पैसे खर्च न करता असे स्पष्ट लिहिले आहे, ते वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

लोखंडी_मनोरा

पऱ्हाटीताई, आकडे अगदी बोलके आहेत. वाय-फायचा जोडणीचा वेग कोणताही आकडा घेत नाही. त्याच्या ठरावीक पायऱ्या आहेत, आणि सगळ्यात वरच्या पायरीवरून जोडी ओळखता येते.

७२ ही वाय-फाय ४ची, एकाच अँटेनाच्या फोनची, २० मेगाहर्ट्‌झ रुंदीवरची वरची पायरी आहे. अचूक सांगायचे तर ७२.२. अँटेना दोन झाले की तीच दुप्पट होऊन १४४ होते. म्हणजे तुमच्या फोनमध्ये एक अँटेना आहे, भावाच्या फोनमध्ये दोन, आणि दोघेही राउटरशी वाय-फाय ४नेच बोलत आहेत.

राउटर एसी असूनही ४ का, तर वाय-फाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठीच तयार झाले. एसी राउटरचा २.४चा पट्टा आजही वाय-फाय ४च असतो. खोक्यावरचे १२०० कसे आले तेही यातच आहे. २.४वरचे ३०० आणि ५वरचे ८६७ यांची बेरीज करून तो आकडा वर ढकलला आहे. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज कोणत्याही एका फोनला कधीच मिळत नाही. आणि ते ३०० मिळायलाही फोनमध्ये दोन अँटेना आणि ४० मेगाहर्ट्‌झची रुंदी लागते. बहुतेक फोन २.४वर २०च्या वर जातच नाहीत.

आता चाचणीतल्या ४०-४५चे पाहू. जोडणीचा वेग हा हवेतल्या कच्च्या बोलण्याचा वेग आहे. त्यातूनच पोच द्यायची, पाळी येण्याची वाट पाहायची, शेजारच्या राउटरला वाट द्यायची, हे सगळे जाते. हातात साधारण अर्धा ते दोनतृतीयांश येतो. ७२मधून ४५ येणे आणि १४४मधून ७५ येणे, दोन्ही निरोगी आहेत. राउटर विकणारा तुमच्या फोनबाबत खरे बोलला, पण भावाच्या फोनबाबत नाही.

पुढची पायरी अशी. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर एक पत्ता लिहिलेला असतो, बहुधा `192.168.0.1` किंवा `192.168.1.1`. राउटरला जोडलेल्या फोनच्याच ब्राउझरमध्ये तो टाका. आत वायरलेसच्या पानावर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देणारी सोय चालू असेल, तिला बहुधा `Smart Connect` म्हणतात. ती बंद करून दोन वेगळी नावे द्या. मग दोन्ही फोन ५च्या नावाला जोडून पाहा.

तिफण

पण मग माझे म्हणणे चुकीचे कसे? शेवटी मागून येणारा वेगही लागतोच. आमच्या गावात संध्याकाळी जे होते ते फोनच्या अँटेनामुळे होत नाही.

लोखंडी_मनोरा

तिफणभाऊ, संध्याकाळपुरते तुमचे बरोबर असू शकते. म्हणूनच दोन आकडे वेगळे ठेवायचे. जोडणीचा वेग फक्त फोन आणि राउटर यांच्यातला आहे. मागचे फायबर तुटले तरी तो ७२च दिसेल. संध्याकाळी तो ७२वर कायम असेल आणि चाचणी १०वर आली, तर दोष मागचा असण्याची शक्यता जास्त. शेजारच्यांचे वाय-फायही संध्याकाळीच जोरात चालते, म्हणून खात्रीसाठी तीच चाचणी वायरने जोडलेल्या संगणकावरही करून बघा.

संत्राबाग_वरुड

मध्येच बोलतो, पण माझा आकडा तुमच्या पायऱ्यांमध्ये बसत नाही. माझ्या फोनवर जोडणीचा वेग ५४ दाखवतो. राउटरला अगदी खेटून उभा राहिलो तरी ५४च. फोन तसा जुना नाही, आणि हाच फोन सासुरवाडीच्या राउटरला जोडला की ७२ दाखवतो. दोन्ही राउटर साधे, एकाच पट्ट्याचे आहेत. घरच्या राउटरवर वेगाची चाचणी २०-२२च्या वर जात नाही.

लोखंडी_मनोरा

संत्राबागभाऊ, ५४ला अडकणे ही खूण मला फार आवडते, कारण तिचे कारण बहुतेक वेळा सुरक्षेच्या पानावर सापडते. ५४ ही वाय-फाय ४च्याही आधीच्या, २००३ सालच्या `802.11g` या मानकाची वरची मर्यादा आहे. राउटर बसवताना कोणीतरी पासवर्डचा प्रकार `WEP` किंवा नुसता `TKIP` ठेवला असेल, तर वाय-फाय ४चे वेग वापरायला नियमानेच बंदी आहे, आणि नवा फोनसुद्धा मागे जाऊन ५४ने बोलतो.

राउटरच्या पानावर जाऊन सुरक्षा `WPA2-PSK` आणि कूटप्रकार `AES` करा. त्याच पानावर किंवा शेजारी `Mode` असेल, तिथे `11b/g` निवडलेले असल्यास `11b/g/n` करा. त्यानंतर घरातले सगळे फोन एकदा पासवर्ड टाकून पुन्हा जोडावे लागतील.

संत्राबाग_वरुड

`TKIP`च निघाले. बदलले, फोन पुन्हा जोडला आणि ७२ आले. चाचणीत आता ४४ येत आहेत. राउटर बसवून देणारा मुलगा दर महिन्याला बिल घ्यायला येतो आणि दर वेळी मला नवा राउटर घ्यायला सांगत होता. फक्त एक अडचण उरली, बागेतल्या मोटारीजवळ बसवलेला जुना कॅमेरा आता जोडलाच जात नाही.

तुरीची_शेंग

तो कॅमेरा फक्त जुनाच प्रकार ओळखत असेल. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नाव काढायची सोय असेल तर त्या नावाला जुनी सुरक्षा देऊन बघा, पण सगळ्याच राउटरमध्ये तशी निवड मिळत नाही. माझा सल्ला विचाराल तर कॅमेराच बदला, कारण जुन्या प्रकाराचा पासवर्ड आता फोडायला अवघड राहिलेला नाही.

पऱ्हाटी

दोन नावे केली. माझ्या फोनला ५चे नाव दिसतच नाही, शोधून दमले. भावाच्या फोनला लगेच दिसले. त्यावर ५ गिगाहर्ट्‌झ आणि वेग ८६६ दाखवतो, चिन्हाशेजारी ५ आहे. मला वाटले झाले काम. पण चाचणी केली तर ९३. पुन्हा केली, ९४. रात्री उशिरा केली, तरी ९३. ८६६चा अर्धा जरी धरला तरी ४००च्या वर होतात, आणि आमची जोडणी २००ची आहे. मग हे ९३ कुठून आले?

सर्जा_राजा

मला तर डाउनलोड करताना ११च दिसतात. तुमचे ९३ चांगलेच म्हणायचे.

तुरीची_शेंग

सर्जा_राजा, तुमच्या पडद्यावर बहुधा एमबी दर सेकंदाला असतील आणि ताई एमबीपीएस लिहीत आहेत. ११ला आठाने गुणा, ८८ येतील. तुम्ही आणि ताई एकाच बांधावर उभे आहात.

निवृत्त_मास्तर

पऱ्हाटीताईंच्या फोनबद्दल एक पडताळणी सुचवतो. निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्या प्रतिरूपाचे पान उघडून वाय-फायची ओळ वाचावी. तिथे `802.11 b/g/n` एवढेच असेल तर फोनमध्ये ५चा पट्टा नाही, आणि राउटर कितीही भारी आणला तरी ते नाव त्याला दिसणार नाही. ओळीत `a` आणि `ac` ही अक्षरे असतील तर पट्टा आहे आणि वाय-फाय ५ही आहे. `ax` असेल तर वाय-फाय ६. प्रतिरूपाचे पूर्ण नाव फोनच्या सेटिंगमधल्या ‘फोनविषयी’ या पानावरून घ्यावे, कारण एकाच नावाच्या फोनचे दोन-तीन प्रकार बाजारात असतात आणि त्यांचे वाय-फायही वेगळे असू शकते. माझ्या सुनेचा आणि मुलाचा फोन बाहेरून सारखाच दिसतो, तरी एकाला ५ दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही.

लोखंडी_मनोरा

मास्तरांची ओळ ताईंच्या फोनसाठी पुरेशी आहे.

भावाच्या फोनचे आता बघू. ८६६ ही वाय-फाय ५ची, दोन अँटेनांची, ८० मेगाहर्ट्‌झ रुंदीची वरची पायरी आहे. एक अँटेना असता तर ४३३ दिसले असते. फोन वाय-फाय ६चा असला तरी राउटर ५चा आहे, म्हणून दोघांना जे सामाईक येते त्यात बोलणे होते. हवेतला भाग आता निर्दोष आहे.

ताई, ९३-९४ला दिवसाही आणि रात्रीही गच्च अडकणे हे हवेचे लक्षण नाही. हवेतला वेग सतत वर-खाली होतो. एकाच जागी खुंटीला बांधल्यासारखा राहत नाही. १०० एमबीपीएसच्या वायरच्या सॉकेटमधून शीर्षभार वजा जाता प्रत्यक्ष जे मिळते ते ९३ ते ९५ असते. तेव्हा दोन जागा तपासायच्या. पहिली म्हणजे राउटरचे मागचे सॉकेट: खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत `10/100 Mbps` आहे की `10/100/1000 Mbps`, ते वाचा. दुसरी म्हणजे भिंतीवरच्या डब्यापासून राउटरपर्यंतची वायर. हजारच्या वेगाला तिच्या आतल्या आठही तारा लागतात. चारच तारा दाबल्या असतील किंवा एखादी तुटली असेल, तर दोन्ही बाजूंना चांगले सॉकेट असूनही शंभरच मिळतात.

पुण्यातला_वाशीमकर

`iperf3` वापरून बघा. राउटरला वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर ते चालू ठेवायचे आणि फोनवरून चाचणी घ्यायची. इंटरनेट मध्ये येतच नाही, त्यामुळे फक्त वाय-फायचा वेग कळतो.

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.0.105 -R
```

पहिली ओळ लॅपटॉपवर, दुसरी फोनवर. पत्ता लॅपटॉपचा टाकायचा.

लोखंडी_मनोरा

चाचणी उत्तम आहे, पण ताईंच्या राउटरवर ती फसवेल. मागची सॉकेटे शंभरची असतील तर वायरने जोडलेला लॅपटॉपही त्याच शंभरातून जाईल आणि येथेही ९४च दिसतील, मग वाय-फायच ९४चे आहे असा समज होईल. लॅपटॉपही ५च्या नावाला जोडून करता येईल, पण तेव्हा तोच मजकूर हवेतून दोनदा जातो, म्हणून आकडा जवळजवळ निम्मा धरावा लागतो. तरी तो ९४च्या बराच वर गेला, तर वाय-फाय सुटले आणि वायर पकडली गेली.

लॅपटॉपमध्ये विंडोज असेल तर त्याची स्वतःची आवृत्ती अशी पाहावी:

```
netsh wlan show drivers
netsh wlan show interfaces
```

पहिल्या आज्ञेत `Radio types supported` ही ओळ लॅपटॉपला काय काय येते ते सांगते, आणि दुसऱ्या आज्ञेत `Radio type` व `Receive rate` या ओळी सध्या काय चालू आहे ते सांगतात.

जांभूळपान

आयफोनमध्ये हा जोडणीचा वेग कुठे दिसतो? सेटिंग चाळून झाली.

तुरीची_शेंग

तिथे तो देत नाहीत. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. काही राउटरमध्ये प्रत्येकापुढे पट्टा आणि वेग दाखवतात, तो वाचावा. स्वस्त राउटरमध्ये नुसती नावेच असतात.

पऱ्हाटी

खोके माळ्यावरून काढले. बाजूला `10/100 Mbps` असेच आहे, पाचही सॉकेटांसाठी. म्हणजे ज्या राउटरवर १२०० लिहिले आहे त्याच्या आत शंभरापेक्षा जास्त येऊच शकत नाही. हे लिहिताना हसू येत आहे.

खात्रीसाठी लॅपटॉप थेट भिंतीवरच्या डब्याला त्याच वायरने जोडला, तर चाचणीत १९०च्या वर आले. म्हणजे वायर ठीक आणि जोडणी देणारेही खरे बोलत होते. तिफणभाऊ, हे तुमच्यासाठी.

लॅपटॉपच्या `Radio types supported`मध्ये शेवटचे नाव `802.11ac` आहे. माझा फोन मास्तर म्हणाले तसा `b/g/n`च निघाला.

आणखी एक पाहिले. मागच्या गोठ्यापर्यंत फोन घेऊन गेले. मध्ये स्वयंपाकघराची मातीची भिंत आहे आणि गोठ्यावर टिन. भावाच्या फोनवर ५चा वेग ८६६वरून उतरत ११७वर आला आणि गोठ्याच्या दाराशी जोडणी तुटली. त्याच जागी २.४ला जोडले तर ५८ दिसत होते आणि व्हिडिओ चालत होता.

निवृत्त_मास्तर

आमच्या वाड्यातही अगदी हाच अनुभव आहे. अंगणात ५, मागे २.४. दोन नावे ठेवावीत आणि माणसांना सवय लावावी.

सर्जा_राजा

गोठ्यात ५८ मिळतात? आमच्या ग्रामपंचायतीत एवढे मिळाले तर आम्ही ग्रामसभा तिथेच भरवू.

तिफण

ताई, १९० पाहिले. तुमच्याकडे मागून येतात हे मान्य, पण आमच्याकडची संध्याकाळ मी वायरने तपासून येथे टाकणार आहे. आणि शंभरच्या सॉकेटच्या राउटरवर १२०० छापणे याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, तो येथे लिहिता येत नाही.

पुण्यातला_वाशीमकर

म्हणजे शेवटी राउटर बदलावाच लागणार. मग वाय-फाय ७ का नको?

लोखंडी_मनोरा

घरात वाय-फाय ७चे एकही उपकरण नाही, म्हणून. भावाचा फोन ६ आणि लॅपटॉप ५ बोलेल, ताईंचा फोन ४च बोलेल, आणि ताईंच्या फोनवर पुन्हा ७२च दिसतील. सेवा केंद्राचे काम अर्ज भरण्याचे आणि कागद चढवण्याचे आहे, त्याला ताईंच्या फोनचे ४५ही पुरतात. लॅपटॉप तर भिंतीवरच्या डब्याला वायरने जोडूनच ठेवावा, त्या डब्यात दुसरे सॉकेट असेल तर. मग आहे त्या राउटरने चालून जाईल.

बदलायचाच असेल तर आधी `10/100/1000` वाचा, नंतर आवृत्ती. हजारच्या सॉकेटचा वाय-फाय ५ राउटर २००च्या जोडणीला पुरून उरतो.

तुरीची_शेंग

येथे माझे मत थोडे वेगळे आहे. वाय-फाय ६ घ्यावे, आणि कारण गोठा हेच आहे. वाय-फाय ६ दोन्ही पट्ट्यांवर चालते, त्यामुळे भावाचा फोन २.४वरही ६ बोलेल. माझ्याकडे दोन अँटेनांच्या फोनवर २.४च्या २० मेगाहर्ट्‌झवर २८६ दिसतात, जिथे आधीच्या राउटरवर १४४ होते. शेजारच्या खोलीतही फरक जाणवतो.

लोखंडी_मनोरा

२८६ दिसतात ते राउटरजवळ. ती वरची पायरी चढायला संकेत फार स्वच्छ लागतो. दीड हात मातीच्या भिंतीपलीकडे दोन्ही आवृत्त्या खालच्या पायऱ्यांवर येतात आणि तिथे त्यांच्यातला फरक बराच कमी होतो. गोठ्यासाठी मी पैसे राउटरच्या आवृत्तीवर न घालता वायर ओढून मागे दुसरा साधा राउटर बसवण्यावर घालीन.

तुरीची_शेंग

आमच्याकडे भिंती विटांच्या आहेत, त्यामुळे मातीच्या भिंतीमागचा आकडा माझ्याकडे नाही. कोणाकडे वाय-फाय ६चा राउटर आणि मातीचे घर दोन्ही असेल, तर २.४वरचा जोडणीचा वेग भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे वाचून येथे टाकावा. फोनचे अँटेना एक की दोन, तेही लिहावे.

निवृत्त_मास्तर

माझ्याकडे वाडा आहे, राउटर मात्र जुनाच आहे. मुलगा दिवाळीला येताना त्याच्याकडचा वाय-फाय ६चा घेऊन येणार आहे, तेव्हा मोजून आकडे टाकतो.

पऱ्हाटी

डब्याला दुसरे सॉकेट आहे. लॅपटॉप तिथे जोडला आणि १९०ने पीक विम्याचे अर्ज भरत आहे. राउटर दुकानात परत घेऊन गेले होते. खोक्यावरची बाजू दाखवल्यावर दुकानदाराने फरकाची रक्कम घेऊन हजारच्या सॉकेटचा वाय-फाय ५ राउटर द्यायची तयारी दाखवली, पण तो मागवावा लागेल म्हणाला. तोवर हाच चालू आहे. गोठ्यापर्यंत वायर ओढायची तर उघड्यावरून, पावसातून जाईल. त्यासाठी कोणती वायर घ्यावी आणि विजा कडाडताना काय काळजी घ्यावी?

लोखंडी_मनोरा

बाहेरच्या कामाची, काळ्या जाड आवरणाची, आत पूर्ण तांब्याच्या तारा असलेली कॅट ६ घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त वायर मिळते, ती घेऊ नका. विजेच्या खांबावरून येणाऱ्या तारांना समांतर नेऊ नका, आणि ढग गडगडू लागण्याआधीच दोन्ही टोके उपटून ठेवत जा. गोठा नेमका किती लांब आहे ते सांगा. शंभर मीटरच्या आत असेल तर मध्ये काही बसवावे लागणार नाही.

पऱ्हाटी

शंभर मीटरच्या बराच आत आहे. संध्याकाळी टेप घेऊन मोजते आणि कळवते.